विश्लेषण : जुने नाणे ‘फाइन’ आहे, म्हणजे नेमके कसे आहे?

लक्ष्मीपूजनाच्या ताटात ठेवायला जुना चांदीचा रुपया हवा, म्हणून सराफाकडे विचारणा करण्याची पद्धत नाशिकला नवी नाही. आता हीच खरेदी मोबाइलवर होऊ लागली आहे. नाण्याचे दोन फोटो असतात आणि त्याखाली इंग्रजी शब्दांची एक ओळ असते : ‘मिंट’, ‘फाइन’, ‘रिस्टोअर्ड’, ‘पिरियड’. हे शब्द कौतुकाचे वाटतात, पण ते कौतुकाचे नाहीत. नाण्याची, नोटेची किंवा तिकिटाची अवस्था सांगणाऱ्या ठरलेल्या खुणा आहेत, आणि वस्तू बदलली की त्यांचा अर्थही बदलतो. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी आपल्या नावाने शुल्क आणि कमिशन मागितले जात असल्याचे सांगून रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केले होते. तो उघड फसवणुकीचा प्रकार झाला. इथला प्रश्न वेगळा आहे. विक्रेता खरे बोलत असतो, तरीही घेणाऱ्याची समजूत चुकते.

‘मिंट’ म्हणजे टांकसाळ की कोरेपणा?

दोन्ही, आणि घोळ इथेच सुरू होतो. ‘व्हिक्टोरिया रुपया, मुंबई मिंट’ असे लिहिले असेल तर तो पत्ता आहे. नाणे मुंबईच्या टांकसाळीत पाडले गेले, एवढेच त्यातून कळते. ते झिजून गुळगुळीत झालेले असू शकते. ‘मिंट स्टेट’ असे लिहिले असेल तर मात्र ते अवस्थेचे वर्णन आहे. टांकसाळीतून निघाल्यावर नाणे बाजारात फिरले नाही, असा त्याचा अर्थ. यातही एक मेख आहे. ताजी नाणी पिशव्यांत भरली जातात आणि एकमेकांवर आपटतात. त्यामुळे कधीही न वापरलेल्या नाण्यावरही खरचटे असतात. ‘मिंट स्टेट’ म्हणजे निर्दोष असा हिशेब नाही.

नाशिकच्या बाबतीत हा गोंधळ आणखी वाढतो. नाशिकरोडला १९२५ पासून सिक्युरिटी प्रेस आहे आणि १९२८ पासून नोटा छापणारा करन्सी नोट प्रेस. पण इथे आज नाणी पडत नाहीत. देशातल्या चार टांकसाळी मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा इथे आहेत. म्हणून आजच्या नाण्यापुढे कोणी ‘नाशिक मिंट’ लिहिले असेल तर तिथेच थांबावे. जुन्या नाण्याच्या बाबतीत मात्र तेच वर्णन बरोबर असू शकते. मुघल काळात नाशिकचे नाव गुलशनाबाद होते, आणि त्या नावाचे चांदीचे रुपये संग्राहकांना चांगले ठाऊक आहेत. चांदवडच्या टांकसाळीचा ‘चांदोरी’ रुपयाही तसाच.

टपाल तिकिटांत हा शब्द तिसराच अर्थ घेतो. तिथे ‘मिंट’ म्हणजे न वापरलेले आणि मागचा मूळ गोंद शाबूत असलेले तिकीट. जुने संग्राहक वहीत तिकीट बसवायला कागदाची छोटी चिकटपट्टी, म्हणजे हिंज, लावत. तिचा डाग गोंदावर राहतो. अशा तिकिटाला ‘मिंट’ म्हणतात, पण ‘हिंज न लावलेले मिंट’ हा वरचा वर्ग वेगळा, आणि दोघांच्या किमतीत मोठा फरक पडतो. स्वतंत्र भारताने १५ ऑगस्ट १९४८ ला काढलेल्या गांधीजींच्या चार तिकिटांपैकी दहा रुपयांचे तिकीट याचे ठळक उदाहरण आहे. ही तिकिटे नाशिकला नव्हे, स्वित्झर्लंडमध्ये छापली गेली. त्यांची मागणी मोठी, म्हणून गोंद गेलेल्या किंवा शिक्का धुऊन काढलेल्या तिकिटाला नवा गोंद लावण्याचा मोहही मोठा. ओळखायची जागा तिकिटाच्या दातेरी कडेवर असते. तिकिटावर आधी गोंद चढतो आणि छिद्रे नंतर पडतात. त्यामुळे मूळ तिकीट फाडल्यावर दातांच्या टोकांना कागदाचे मऊ, मोकळे तंतू दिसतात. नंतर गोंद लावला तर तो या तंतूंत उतरतो आणि टोके कडक, चिकटलेली लागतात. भिंगातून हे दिसते, मोबाइलच्या समोरच्या फोटोत नाही. म्हणून मागच्या बाजूचा आणि एका कोपऱ्याचा जवळून काढलेला फोटो मागवणे, ही तिकीट घेताना पहिली पायरी.

‘फाइन’ला बाजारात कितवा नंबर?

मराठीत ‘फाइन’ म्हटले की छान. नाण्यांच्या बाजारात ‘फाइन’ म्हणजे बऱ्यापैकी झिजलेले. क्रम खालून वर असा जातो : गुड, व्हेरी गुड, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन, त्यानंतर जवळजवळ न वापरलेले, आणि सर्वांत वर न वापरलेले. यात ‘गुड’ नाणे जेमतेम ओळखू येण्याइतके उरलेले असते. अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तिथल्या तांब्याच्या जुन्या सेंटांसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. पुढे ती सगळ्या नाण्यांना लागू झाली आणि आज प्लास्टिकच्या बंद डबीत नाणे देणाऱ्या कंपन्या हेच आकडे वापरतात. त्या पट्टीवर ‘फाइन’ १२ ते १५ च्या दरम्यान येतो, आणि न वापरलेल्या नाण्यांची सुरुवात ६० पासून होते. सत्तरपैकी बारा हा आकडा डोळ्यापुढे ठेवला की हा शब्द फसवत नाही.

‘फाइन’ नाणे घेऊ नये, असा याचा अर्थ नव्हे. पूजेसाठी किंवा संग्रहाच्या सुरुवातीला तेच परवडते. फक्त ‘एक्स्ट्रीमली फाइन’चा भाव देऊन ‘फाइन’ घरी आणू नये.

पण ही पट्टी यंत्रावर पाडलेल्या नाण्यांसाठी तयार झाली. गुलशनाबादचा रुपया हाताने ठोकलेला आहे. साच्याचा ठसा चांदीच्या चकतीपेक्षा मोठा असायचा, त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच मावतो. कुणावर बादशहाचे नाव येते, कुणावर साल, कुणावर टांकसाळीच्या नावाचा अर्धा भाग. अशा नाण्याच्या बाबतीत ‘फाइन की व्हेरी फाइन’ हा प्रश्न दुय्यम ठरतो. टांकसाळीचे नाव आणि साल चकतीवर उतरले आहे का, हे आधी पाहायचे. दोन्ही स्पष्ट असलेले थोडे झिजलेले नाणे हे निम्मा मजकूर बाहेर गेलेल्या चकचकीत नाण्यापेक्षा अधिक मोलाचे ठरते.

हातठोक नाण्यात झीज आणि कमजोर ठोका यांतला फरकही कळायला हवा. झीज उंच भागांपासून सुरू होते आणि सगळीकडे सारखी पसरते, अक्षरांच्या कडा गोलसर होतात. हातोडा तिरका बसला असेल तर नाण्याची एक बाजू सपाट राहते, पण शेजारचीच अक्षरे धारदार असतात. त्या सपाट भागावर मूळ चकतीचा खडबडीतपणाही शिल्लक दिसतो. झिजलेल्या भागावर तो उरत नाही. कमजोर ठोक्याला वर्णनात ‘फाइन’ म्हणून खाली ढकलले असेल, तर जाणकार ग्राहकाला तिथे संधी असते.

या नाण्यांवर आणखी एक खूण भेटते. चांदी खरी आहे का, हे पाहायला सराफ छोटा छाप मारत किंवा छिन्नीचा टवका काढत. अवस्था-वर्णनात ती ‘श्रॉफ मार्क’ म्हणून येते, म्हणजे सराफाची खूण. यंत्राच्या रुपयावर ती नुकसान मानली जाते. हातठोक रुपयावर एखादी खूण असणे सवयीचे आहे आणि तिच्याने किंमत फारशी कोसळत नाही, मात्र ती टांकसाळीच्या नावावर बसली नसावी.

नोटांना हीच पट्टी चालते का?

शब्द तेच, कसोटी वेगळी. नोट झिजत नाही, ती दुमडते. ‘फाइन’ नोट म्हणजे पुष्कळ हातांतून गेलेली, अनेक घड्या पडलेली, कडांना लहान फाटे असलेली, पण तुकडा न गेलेली नोट. न वापरलेल्या नोटेवर एकही घडी चालत नाही. मधोमध एक हलकी घडी असली तरी तिचा वर्ग उतरतो.

भारतीय नोटांना इथे एक सवलत द्यावी लागते. पूर्वी बँका नोटांच्या गड्ड्या स्टेपल करत. रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये बँकांना ते बंद करायला सांगितले. त्यामुळे त्याआधीच्या कोऱ्या करकरीत नोटेलाही डाव्या बाजूला दोन-चार भोके असतात. परदेशी ग्राहकाला ती खोट वाटते. इथल्या व्यवहारात ‘न वापरलेली, स्टेपलची भोके आहेत’ असे लिहिणे प्रामाणिकपणाचे समजले जाते. उलट, जुनी नोट भोकाशिवाय मिळाली तर आनंदापूर्वी भिंग काढावे, कारण भोके कागदाच्या लगद्याने बुजवताही येतात. नोट प्रकाशापुढे धरली की बुजवलेली जागा आजूबाजूच्या कागदापेक्षा गडद किंवा फिकी दिसते.

‘रिस्टोअर्ड’ लिहिले असेल तर भाव किती उतरतो?

हा शब्द लिहिलेला असणे ही खरे तर चांगली बाजू आहे. अडचण होते ती तो न लिहिल्यावर. नोटेच्या बाबतीत सर्वांत जास्त आढळणारी डागडुजी म्हणजे धुणे आणि दाबणे. नोट ओलवून टिपकागदांत दाबली की घड्या मावळतात आणि समोरून पाहणाऱ्याला ती एक-दोन वर्ग वर वाटते. पण कागदाचा तंतू मोडलेला असतो. टेबलावर नोट आडवी ठेवून एका बाजूने टॉर्चचा उजेड जमिनीलगत टाकला की मोडलेल्या घडीची रेषा सावलीसारखी उठते. नोटेवर उठावाची छपाई असेल तर दाबल्यावर तो उठाव बोटाला लागत नाही. अतिनील दिव्याखाली जुना कागद मंद राहतो. डिटर्जंटने धुतलेला मात्र निळसर चमकू शकतो, कारण कपडे पांढरे दिसावेत म्हणून साबणात घातलेली द्रव्ये कागदात राहतात.

नाण्यांमध्ये हा शब्द महाराष्ट्रात एका खास कारणाने महत्त्वाचा आहे. इथे रुपये नुसते ठेवले जात नव्हते, अंगावर घातले जात होते. व्हिक्टोरिया रुपयाला वरच्या कडेला कडी डाखून त्याची माळ करत. पुढे कधीतरी ती माळ मोडली गेली, कडी उतरवली गेली, डाख घासून काढली गेली आणि नाणे बाजारात आले. वर्णनात त्याला ‘माउंट रिमूव्ह्ड’ म्हणतात. दुसरे कारण दिवाळी. पूजेचा रुपया दरवर्षी चिंचेने, राखेने नाही तर पॉलिशने घासला जातो. नाणे लखलखते, पण पृष्ठभागावर एकाच दिशेच्या केसासारख्या बारीक रेघा कायमच्या राहतात. ग्राहकाला लखलखाट आवडतो. ग्रेडिंग करणारा त्याच रेघा पाहून नाण्याला आकडाच नाकारतो आणि ‘डीटेल्स, साफ केलेले’ एवढेच लिहून देतो. शंभर वर्षांत चांदीवर चढलेली करडी छटा हा नाण्यावरचा मळ नव्हे, हे घराघरांत पटायला अजून वेळ लागेल.

डागडुजी आणि जतन यांत फरक आहे, हेही लक्षात ठेवावे. प्लास्टिकच्या जुन्या पाकिटातला हिरवट चिकट थर द्रावणाने काढणे हे जतन झाले, त्यात धातू जात नाही. खड्डा भरणे, पुसट अक्षर कोरून पुन्हा उठावदार करणे, कडेला नव्या रेघा पाडणे ही डागडुजी. अक्षर कोरलेले असेल तर ते आसपासच्या अक्षरांपेक्षा अकारण धारदार असते आणि त्याच्या मुळाशी हत्याराचे ओरखडे दिसतात.

एक जाहिरात उलगडून पाहू

समजा, वर्णन असे आहे : ‘१८६२ व्हिक्टोरिया रुपया, मुंबई मिंट, व्हेरी फाइन, माउंट रिमूव्ह्ड, पिरियड’. ‘मुंबई मिंट’ हा पत्ता, अवस्था नव्हे. ‘व्हेरी फाइन’ म्हणजे राणीच्या कपड्यावरची नक्षी आणि केसांच्या रेषा बऱ्याचशा सुट्या दिसायला हव्यात. त्या एकमेकींत मिसळून सपाट झाल्या असतील तर नाणे ‘फाइन’ आहे, ‘व्हेरी’ विक्रेत्याने घातला. हा तपशील पहिल्या फोटोतच तपासता येतो.

‘माउंट रिमूव्ह्ड’साठी तिसरा फोटो लागतो, तो कडेचा. या रुपयाच्या कडेला सगळीकडे उभ्या रेघा असतात. राणीच्या डोक्यावर, घड्याळात बारा वाजतात त्या जागी, दोन-तीन मिलिमीटर रेघा गायब असतील किंवा चांदीचा रंग वेगळा असेल, तर कडी तिथे होती. विक्रेत्याने हे स्वतः सांगितले, ही त्याच्या बाजूची गोष्ट. पण मग हे नाणे संग्रहाच्या भावाने नव्हे, चांदीच्या भावाच्या आसपास मोलायचे. हिशेब सोपा आहे. हा रुपया मुळात ११.६६ ग्रॅमचा, त्यात ९१.७ टक्के चांदी. म्हणजे शुद्ध चांदी साधारण १०.७ ग्रॅम. त्याला त्या दिवशीच्या चांदीच्या दराने गुणले की किमान किंमत निघते. १८६२ चा रुपया दुर्मीळ नाही. तेच साल ठशावर कायम ठेवून पुढची काही वर्षे हे रुपये पाडले गेले, त्यामुळे ते भरपूर सापडतात. कडी काढलेल्या नमुन्याला चांदीवर मोठी रक्कम मोजण्याचे कारण उरत नाही.

वजनही मागवावे. झिजेने काही दशांश ग्रॅम कमी भरले तर समजण्यासारखे आहे. वजन जास्त भरले तर डाखेची धातू उरलेली असू शकते. ते बरेच कमी भरले आणि नक्षी मात्र धारदार असेल, तर प्रश्न डागडुजीचा राहत नाही. ते नाणे ओतून केलेली नक्कल असण्याची शक्यता वाढते.

मग त्या वर्णनातले ‘पिरियड’ काय सांगते?

‘पिरियड’ म्हणजे वस्तू ज्या काळाची दिसते, त्याच काळात बनलेली. हा शब्द मुळात जुन्या फर्निचरच्या बाजारातला. तिथे ‘पिरियड’ आणि ‘पिरियड स्टाइल’ यांत दीडशे वर्षांचे अंतर असू शकते, कारण दुसऱ्याचा अर्थ ‘त्या धाटणीची, पण नंतरची’. आपल्याकडे ‘पेशवेकालीन’ हा शब्द इतक्या सैल हाताने वापरला जातो की पाडलेल्या वाड्याची तुळई असो की मागच्या वर्षी जुनी केलेली खुर्ची, दोन्ही त्यात बसतात.

नाण्यांत याचा नेमका उपयोग पुनर्मुद्रणाच्या संदर्भात होतो. ब्रिटिशकालीन काही नाणी टांकसाळींनी संग्राहकांसाठी नंतरच्या काळात पुन्हा पाडून दिली. चौथ्या विल्यमची १८३५ ची सोन्याची दुहेरी मोहोर हे त्यातले प्रसिद्ध उदाहरण. अशा नाण्याला बनावट म्हणता येत नाही, ते सरकारी टांकसाळीतलेच असते. पण साल १८३५ असले तरी ते ‘पिरियड’ नसते. वर्णनात ‘रिस्ट्राइक’ हा शब्द आहे का, हे म्हणूनच शोधायचे. ‘कंटेम्पररी’ या शब्दानेही फसू नये. ‘कंटेम्पररी फोर्जरी’ म्हणजे आजची नव्हे, त्या काळातली खोटी नाणी. तीही खोटीच, पण काही संग्राहक ती मुद्दाम घेतात.

काळ बदलला की नुकसानाचाही अर्थ कसा बदलतो, याचे उत्तम उदाहरण नाशिकजवळच आहे. गोदावरी आणि दारणेच्या संगमावर, सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभी इथे १९०६ मध्ये चांदीच्या १३ हजार २५० नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. नहपानाचा चेहरा त्या ठशाखाली चिरडला गेला आहे. आजच्या पट्टीवर मोजले तर या नाण्यांची अवस्था वाईटच म्हणावी लागेल. पण क्षहरातांचा वंश संपवल्याचे पांडवलेण्याच्या तिसऱ्या लेण्यातला शिलालेख सांगतो, आणि ही नाणी त्याचा धातूतला पुरावा ठरली. ठसा त्या काळातला, म्हणून तो इतिहास. तोच ठसा आज कुणी मारला तर ती नासधूस.

ज्यांना ही नाणी डोळ्याखालून घालायची आहेत, त्यांच्यासाठी त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला १९८० मध्ये स्थापन झालेली भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था आणि तिचे संग्रहालय आहे. खऱ्या हातठोक नाण्याची कड आणि जाडी एकदा नीट पाहिलेल्या माणसाला ओतीव नक्कल वेगळी वाटू लागते.

आणि ‘नुकतेच सापडलेले’ असे लिहिले असेल तर?

तर ते अवस्थेचे वर्णन नसून कायद्याचा प्रश्न आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत येतात. त्यांच्या व्यापारासाठी परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. ‘शेतात मिळालेले, अनक्लीन्ड, पिरियड’ अशी जाहिरात पाहणाऱ्याने वजन आणि कडेचा फोटो मागण्याआधी, हे नाणे विक्रेत्याकडे कुठून आले आणि त्याची पावती आहे का, एवढे दोन प्रश्न विचारावेत.